कूलर जुलैत बनवायचे की मार्चमध्ये?

प्रश्न : आमचा हिंगणा एमआयडीसीत डेझर्ट कूलरचा कारखाना आहे. वर्षाला ९,६०० कूलर विकतो. पावसाळ्यात महिन्याला जेमतेम १००, मार्चमध्ये २,४००. एक माणूस महिन्याला ४० कूलरचं काम काढतो. पावडर कोटिंगची भट्टी एका पाळीत महिन्याला १,५०० च्या वर जात नाही. गोदामात १,५०० कूलर मावतात आणि गेल्या सीझनचे ५०० पडून आहेत. एका कूलरचा उत्पादन खर्च ४,००० रुपये, बँकेचं व्याज १२ टक्के. बाबा म्हणतात, वर्षभर २० माणसं ठेवून महिन्याला ८०० बनवत राहू. प्रॉडक्शनचे काका म्हणतात, ऑर्डर येईल तेवढंच बनवा, माल अडकवू नका. दोघांचं पटत नाही आणि आता मला हिशेब मांडायला सांगितलाय. कोणाचं बरोबर? आणि बँकेची सीसी, म्हणजे कॅश क्रेडिटची, लिमिट वाढवून घ्यायची का? महिन्यावार विक्री सोबत जोडली आहे. — एक वाचक, नागपूर

उत्तर :

नमस्कार. तुमच्या घरात चाललेला वाद प्लॅनिंगच्या धंद्यात रोजचा आहे. बाबांच्या पद्धतीला लेव्हल म्हणतात, काकांच्या पद्धतीला चेस. एस अँड ओपीच्या मीटिंगमध्ये, म्हणजे विक्री, उत्पादन आणि पैसा सांभाळणारे एका टेबलाशी बसून पुढच्या बारा महिन्यांचा आकडा ठरवतात तिथे, या दोन टोकांवरून आवाज चढतात. आवाज चढायचं कारण साधं असतं. दोघांपैकी कुणीही महिनाअखेरचा साठा कागदावर उतरवलेला नसतो. बाबांच्या डोळ्यांसमोर माणसं असतात, काकांच्या डोळ्यांसमोर गोदाम. तेव्हा आधी साठाच उतरवू.

सूत्र एकच आहे : मागच्या महिन्याचा साठा, अधिक या महिन्याचं उत्पादन, वजा या महिन्याची विक्री. हिशेब जुलैपासून सुरू करा, जानेवारीपासून नको. वर्षातला सगळ्यात रिकामा बिंदू जिथे असतो तिथून सुरुवात केली की साठा कसा चढतो आणि कसा उतरतो ते एका नजरेत दिसतं. कॅलेंडर वर्ष धरलंत तर साठ्याचा डोंगर मधोमध कापला जातो आणि अर्धा गेल्या वर्षाच्या फायलीत राहतो.

तुमच्या विक्रीवर बाबांची योजना आणि शेवटी मी सुचवणार आहे ती मधली योजना, दोन्ही चालवून पाहिल्या. सुरुवातीचा साठा ५०० धरला आहे.

| महिना | विक्री | लेव्हल : अखेरचा साठा | मधली योजना : अखेरचा साठा |
|---|---|---|---|
| जुलै | १०० | १,२०० | ८०० |
| ऑगस्ट | १०० | १,९०० | १,१०० |
| सप्टेंबर | १०० | २,६०० | १,४०० |
| ऑक्टोबर | १०० | ३,३०० | १,७०० |
| नोव्हेंबर | २०० | ३,९०० | १,९०० |
| डिसेंबर | ४०० | ४,३०० | २,७०० |
| जानेवारी | ८०० | ४,३०० | ३,१०० |
| फेब्रुवारी | १,६०० | ३,५०० | २,७०० |
| मार्च | २,४०० | १,९०० | १,५०० |
| एप्रिल | २,२०० | ५०० | ५०० |
| मे | १,३०० | ० | ४०० |
| जून | ३०० | ५०० | ५०० |

काकांच्या चेसला मी रकाना दिला नाही, कारण तिथे बघण्यासारखं काही नाही. जितकी विक्री तितकंच उत्पादन, त्यामुळे साठा बाराही महिने ५०० वर स्थिर.

आता लेव्हलचा रकाना मे महिन्यापाशी वाचा. तिथे शून्य आहे. बाबांनी ८०० हा आकडा ९,६०० ला बाराने भागून काढलाय. भागाकार चुकलेला नाही, पण सरासरी एवढंच सांगते की जूनअखेर हिशेब जुळेल. मधल्या एखाद्या महिन्यात माल कमी पडेल की नाही, हे ती सांगत नाही. त्यासाठी विक्रीची बेरीज करत करत खाली यायचं आणि प्रत्येक महिन्यापाशी उत्पादनाची बेरीज शेजारी ठेवायची. मेअखेरपर्यंत तुम्ही ९,३०० विकता आणि अकरा महिन्यांत बनवता ८,८००. फरक बरोबर ५००. म्हणजे बाबांची योजना निव्वळ त्या पडून राहिलेल्या ५०० कूलरांवर उभी आहे. पावसाळ्यात कुणी म्हणालं, जुना माल डिस्काउंट देऊन काढून टाका, तर तेवढेच ५०० मेमध्ये कमी पडतील. आणि नवतपा लागतो मेच्या शेवटच्या आठवड्यात. त्या दिवसांत दुकानात आलेलं गिऱ्हाईक कूलर नाही म्हणून थांबत नाही, शेजारच्या दुकानातून दुसऱ्याचा घेऊन जातं. पुढच्या महिन्यात पुरवतो हे पंपाच्या किंवा लेथच्या धंद्यात चालून जातं, कूलरच्या धंद्यात ती विक्री कायमची गेली.

साठ्याचे दोन आकडे वेगळे ठेवायची सवय लावा. एक सरासरी, एक कमाल. लेव्हलचा रकाना बेरीज केलात तर २७,९०० येतात. हे कूलर-महिने झाले, म्हणजे एक कूलर एक महिना पडून राहिला तर एक. बाराने भागलं की सरासरी साठा २,३२५. चेसमध्ये कूलर-महिने ६,००० आणि सरासरी ५००. व्याज या सरासरीवर लागतं, कारण ते दिवसांवर चालतं. गोदामाचं तसं नाही. गोदाम लागतं डिसेंबर-जानेवारीच्या ४,३०० साठी आणि भाड्याचा करार होतो अकरा महिन्यांचा. जागा दोन महिने पूर्ण भरलेली असली तरी भाडं पूर्ण मुदतीचं. बरेच जण एस अँड ओपीच्या शीटमध्ये सरासरीवरच गोदामाचा खर्च लावतात आणि जानेवारीत ट्रक दारात उभा राहिला की जागा शोधायला पळतात.

४,३०० कूलर म्हणजे किती जागा, हे एकदा फरशीवर मोजून बघा. कार्टनमधला मोठा डेझर्ट कूलर साधारण ५ चौरस फूट अडवतो. तीन थर लावले तर १,४३० च्या आसपास थप्प्या होतात, म्हणजे ७,००० चौरस फूट. हातगाडी फिरायला आणि मॉडेलप्रमाणे माल काढायला वाट सोडली की दहा हजाराच्या जवळ जातं. चौथा थर लावायचा मोह होतो. लावू नका. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत कार्टनचा पुठ्ठा ओल धरतो, तळाचा खोका एका कोपऱ्यातून बसतो आणि थप्पी कलते. खोका बाहेरून ठीक दिसतो. उघडल्यावर कळतं की जाळीची चौकट वाकलीय आणि पाण्याच्या टाकीच्या कडेला कोटिंग उडून गंज धरलाय. असा माल डीलर सीझनमध्ये परत पाठवतो, आणि तेव्हा तो दुरुस्त करायला तुमच्याकडे हात मोकळे नसतात. जुलैत बनवलेला कूलर मार्चपर्यंत आठ महिने उभा राहणार असेल तर हा खर्च हिशेबात यायलाच हवा.

पैशात मांडू. एका कूलरमागे ४,००० अडकले की १२ टक्क्यांनी महिन्याला ४० रुपये व्याज. त्यावर भाडं, विमा, हाताळणी आणि मोडतोड मिळून मी २० रुपये धरतो. हे लेव्हलला झुकतं माप आहे. अकरा महिन्यांचं भाडं खरं लावलंत तर आकडा वर जाईल. कूलर-महिन्याला ६० रुपये धरून लेव्हलचा साठा वर्षाला १६,७४,००० रुपयांना पडतो आणि चेसचा ३,६०,००० ला. १३ लाखांचा फरक. इथवर पाहिलं तर काका जिंकले.

पण चेसने साठा कमी केला म्हणजे खर्च कमी केला असं होत नाही. तो साठ्यातून माणसांवर आणि मशीनवर सरकतो. तुमच्या ४० च्या हिशेबाने जुलैत ३ माणसं लागतात, जानेवारीत २०, फेब्रुवारीत ४० आणि मार्चमध्ये ६०. पुन्हा जूनमध्ये ८. म्हणजे नोव्हेंबर ते मार्च पाच महिन्यांत ५७ माणसं आणायची आणि नंतर चार महिन्यांत परत पाठवायची. ठेकेदाराचं कमिशन, शिकण्यात जाणारे दिवस आणि वाया जाणारा पत्रा मिळून एका माणसामागे ६,००० आणि निरोप देताना हिशेब चुकता करायला ४,००० धरले तरी ५,७०,००० झाले. हे दोन्ही आकडे माझा अंदाज आहेत, तुमच्या ठेकेदाराच्या बिलावरून दुरुस्त करून घ्या.

त्यात एक गोष्ट कागदावर दिसत नाही. तुमच्याकडे येणारी बरीच माणसं छिंदवाडा, बालाघाटकडची असतील तर होळीला ती गावी जातात. होळी येते मार्चमध्ये. चेसला ज्या महिन्यात ६० हात हवेत, त्याच महिन्यात आठवडाभर निम्मे हात गावी. आणि मार्चमध्ये नवा आलेला माणूस पहिल्या महिन्यात ४० कूलर काढत नाही. बेंडिंगला लावला तर पत्रा उलटा वाकवतो, जोडणीला लावला तर मोटरचा स्क्रू पंख्याला घासेल असा बसवतो. ६० चा आकडा कागदावरचा, प्रत्यक्षात ७० लागतील.

भट्टीची अडचण त्याहून पक्की आहे, कारण ती समजावून सुटत नाही. १,५०० च्या वरचा माल एका पाळीत होणार नाही. फेब्रुवारीत १००, मार्चमध्ये ९०० आणि एप्रिलमध्ये ७००, असे १,७०० कूलरचे पत्रे बाहेर जॉबवर्कला द्यावे लागतील. ने-आण, ओरखडे आणि रंगछटा न जुळल्यामुळे परत येणारा माल धरून एका कूलरमागे ३५० जादा लावले तर ५,९५,००० होतात. आणि सीझनमध्ये जॉबवर्कवाला तुमच्यासाठी रिकामा बसलेला असेल हेही गृहीतच आहे. हिंगण्यातले बाकीचे कूलरवाले त्याच आठवड्यात त्याच्या दारात असतात.

बेरीज करा. चेसचा साठा ३,६०,०००, माणसं ५,७०,०००, बाहेरचं कोटिंग ५,९५,०००. एकूण १५,२५,०००. लेव्हल १६,७४,०००, पण त्यात मेअखेर शून्य आहे. मधल्या योजनेत मेअखेर उरतात तसे सावधगिरीचे ४०० कूलर लेव्हललाही द्यायचे ठरवले, तर बारा महिने ४०० म्हणजे ४,८०० कूलर-महिने, आणखी २,८८,००० रुपये. मग लेव्हल १९,६२,००० वर जातो. मजुरीची रक्कम मी कुठेच धरली नाही, कारण ९,६०० कूलरना माणूस-महिने २४० च लागतात, मग ते बारा महिन्यांत पसरवा की पाच महिन्यांत कोंबा.

तर कोणाचं बरोबर, याचं उत्तर असं की काकांचा आकडा थोडा कमी येतो, पण त्यांची योजना मार्चमध्ये उभीच राहत नाही. आणि बाबांची उभी राहते, पण वर्षभर महाग पडते.

मी सुचवेन ते असं. वर्षाचे दोन तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्यात लेव्हल चालवा. जुलै ते नोव्हेंबर महिन्याला ४००, म्हणजे १० माणसं. डिसेंबर ते मे महिन्याला १,२००, म्हणजे ३० माणसं. जूनमध्ये पुन्हा ४००. एकूण ९,६०० च होतात, माणूस-महिनेही २४० च. तक्त्यातला शेवटचा रकाना या योजनेचा आहे. कूलर-महिने १८,३००, सरासरी साठा १,५२५, कमाल ३,१००. साठ्याचा खर्च १०,९८,०००, वीस माणसं आणून परत पाठवायचे २,००,०००. एकूण १२,९८,०००. भट्टी १,५०० च्या आत राहते, जॉबवर्क शून्य, आणि कमीत कमी साठा मेमध्ये ४००.

पण मला या योजनेतला पैशाचा फरक तितकासा महत्त्वाचा वाटत नाही. दोन-अडीच लाख अंदाज थोडा हलला तरी इकडचे तिकडे होतात. मला आवडते ती दुसरी गोष्ट. फेब्रुवारीअखेर तुम्हाला पहिल्यांदा कळतं की सीझन कसा जाणार, डीलर किती उचलतायत, ऊन चढतंय की ढगाळ आहे. त्या दिवशी किती कूलर अजून बनायचे बाकी आहेत, हे तिन्ही योजनांत मोजा. लेव्हलमध्ये ६,४०० बनून गेलेले असतात, हातात ३,२०० उरतात. मधल्या योजनेत ५,६०० बनलेले, ४,००० बाकी. चेसमध्ये ३,४०० बनलेले, ६,२०० बाकी. विदर्भात एप्रिलमध्ये अवकाळी गारपीट होते आणि आठवडा-दोन आठवडे कूलर कुणी विचारत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. जो माल अजून बनलाच नाही, तो थांबवता येतो. जो गोदामात उभा आहे, त्याचं व्याज चालू राहतं. चेसचा खरा गुण हा आहे, आणि काकांना नेमका हा मुद्दा मांडता येत नसेल म्हणून ते 'माल अडकवू नका' एवढंच म्हणत असतील.

वीस माणसं आणायची तर ती डिसेंबरच्या सुरुवातीला आणा. इथे एक अडचण आहे : ऑक्टोबर ते डिसेंबर सोयाबीनची काढणी आणि मग कापूस वेचणी, गावाकडे मजुरी चांगली मिळते. म्हणून नोव्हेंबरमध्येच ठेकेदाराशी बोलून ठेवा. होळीपर्यंत त्यांना तीन महिने झालेले असतात, हात बसलेला असतो. होळीची सुट्टी योजनेत आधीच घाला. त्या आठवड्यात उत्पादन कमी धरलंत तरी फेब्रुवारीअखेर तुमच्याकडे २,७०० तयार असतात, डीलरला पाठवायला माल असतो. चेसमध्ये त्या आठवड्यात कार्टन चिकटवायलाही कुणी नसतं.

याच्याही पुढे जाता येईल. साठा ठेवायचाच आहे, तर पूर्ण कूलर का ठेवायचा? जुलै ते नोव्हेंबर फक्त बॉडीचे पत्रे कापून, वाकवून, कोटिंग करून ठेवा आणि जोडणी, मोटर, पंप, पॅड हे सगळं जानेवारीनंतर. सुट्या पत्र्यांच्या एका संचात समजा १,५०० रुपये अडकतात, ४,००० नाही. नोव्हेंबरअखेरच्या १,९०० पैकी ३०० तयार ठेवले आणि १,६०० पत्र्यांच्या रूपात, तर त्या दिवशी ४० लाख रुपये कमी अडकतात. जागा तर फारच कमी लागते, कारण पत्रे एकावर एक आडवे बसतात. मध्ये कागद किंवा पातळ फोम घालायला मात्र विसरू नका, नाहीतर कोटिंगला ओरखडे पडतात आणि कापलेल्या कडेपासून गंज सुरू होतो. ही योजना म्हणजे भट्टीपर्यंत लेव्हल आणि जोडणीत चेस. भट्टी हीच तुमची अडचणीची जागा असल्यामुळे ती वर्षभर समान चालवणं शहाणपणाचं आहे.

त्याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. एक म्हणजे जोडणीवर फेब्रुवारी-मार्चमध्ये ताण येतो, तिथे ३० च्या वर माणसं लागतील. पण जोडणीचं काम बेंडिंगपेक्षा लवकर शिकता येतं, म्हणून तिथे नवा माणूस चालून जातो. दुसरं, मोटर आणि पंपवालेही त्याच सीझनमध्ये भरलेले असतात. त्यांच्याकडून जानेवारी ते मार्चचा माल महिन्यावार ठरवून, ऑक्टोबरमध्येच ऑर्डर टाकून ठेवा. नाहीतर १,६०० बॉडी तयार आणि पंपाअभावी गाडी अडली, अशी गत होते. पहिल्याच वर्षी सगळं असं करू नका. तुमच्या खपातल्या सगळ्यात चालत्या एका मॉडेलवर करून बघा.

डीलरला लवकर माल देण्याची स्कीम विक्रीवाले सुचवतीलच. तिचा हिशेबही साठ्यातूनच येतो. मार्चमधले ६०० कूलर डीलरने जानेवारीत उचलले, तर तुमचे दोन महिन्यांचे १,२०० कूलर-महिने वाचतात, ६० रुपयांनी ७२,०००. म्हणजे एका कूलरमागे १२० रुपये. साठा वाचतो म्हणून याहून जास्त सूट परवडत नाही. मात्र जानेवारीचा डोंगर ३,१०० वरून २,५०० वर येतो आणि कमाल साठा डिसेंबरचा २,७०० राहतो. बाहेरचं गोदाम लहान चालत असेल तर त्यातली बचत या सूटीच्या रकमेत मिळवू शकता. आणि सूट रोखीवर द्या. तीन महिन्यांच्या उधारीवर माल दिलात तर साठा गोदामातून निघून डीलरकडच्या येण्यात जाऊन बसला, पैसे अडकलेलेच राहिले.

गोदामाचं म्हणाल, तर लेव्हलमध्ये ऑगस्ट ते मार्च आठ महिने तुमची १,५०० ची जागा अपुरी पडते आणि बाहेर २,८०० कूलर ठेवावे लागतात. मधल्या योजनेत ऑक्टोबर ते फेब्रुवारी पाच महिने, बाहेर जास्तीत जास्त १,६००. ऑक्टोबरपासूनचं भाडं ठरवा, जुलैपासून नको.

आता सीसी. लिमिट सरासरी साठ्यावर मागू नका, कमाल साठ्यावर मागा. ३,१०० कूलर म्हणजे जानेवारीअखेर १ कोटी २४ लाखांचा तयार माल. बँक साठ्यावर २५ टक्के मार्जिन ठेवते असं धरलं, तर त्यातले ९३ लाख बँकेचे आणि ३१ लाख तुमच्या खिशातले. बाबांच्या योजनेत हाच आकडा १ कोटी ७२ लाखांचा माल आणि ४३ लाख स्वतःचे. हे ३१ किंवा ४३ लाख जानेवारीत कुठून येणार, हा प्रश्न बाबा-काकांच्या वादाच्या आधी विचारायला हवा होता, कारण योजना बहुतेक वेळा इथेच अडते. शिवाय ड्रॉइंग पॉवर, म्हणजे लिमिटमधून प्रत्यक्ष काढता येणारी रक्कम, ठरवताना बँक तुमच्या पुरवठादारांची देणी साठ्यातून वजा करते. पत्रा उधारीवर घेऊन साठा चढवलात तर स्टॉक स्टेटमेंटवर माल दिसतो, पण काढता येणारी रक्कम तेवढी वाढत नाही.

अर्ज सप्टेंबरमध्ये द्या आणि सोबत हा महिन्यावार तक्ता जोडा. सीझनपुरती वाढीव लिमिट मागा, नोव्हेंबर ते एप्रिल; एप्रिलअखेर साठा ५०० वर उतरतो आणि तोवर डीलरचे पैसे यायला लागलेले असतात, हे त्यांना रकान्यात दिसेल. वर्षभराची मोठी लिमिट मंजूर करून घेतलीत तर वापरली नाही तरी काही बँका न वापरलेल्या रकमेवर चार्ज लावतात, मंजुरीपत्रात ते कलम वाचून घ्या. आणि दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तिघं बसाल तेव्हा या तक्त्याशेजारी एक नवा रकाना ठेवा : प्रत्यक्ष साठा. फेब्रुवारीअखेर तो २,७०० ऐवजी ३,००० च्या वर दिसला, तर मार्चचे १,२०० लगेच कमी करा, एप्रिलची वाट बघू नका. २,४०० च्या खाली गेला, तर भट्टीवर अजून ३०० ची जागा आहे, ती मार्चमध्येच वापरा.